मिनिमम ड्यू: चाळीस हजार फेडायला ३०७ महिने

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यात जे आकडे कानावरून निसटतात ते इथे सावकाश बघता येतील. शेवटच्या भागात छोटा कोडही आहे.)

आजचा विषय क्रेडिट कार्डाचा आहे, पण कॅशबॅक, लाउंज, रिवॉर्ड पॉइंट यातलं काहीच नाही. आज फक्त एका ओळीबद्दल बोलायचं आहे. स्टेटमेंटवर एकूण रकमेच्या खाली किंवा शेजारी छापलेली ती ओळ: मिनिमम अमाउंट ड्यू.

मी मूळचा सिहोऱ्याचा. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा. गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा शाळेतला एक मित्र भेटला. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं, आणि घरची धानाची शेती. चहा घेताना त्यानं फोन काढला, कार्डाचं स्टेटमेंट उघडलं आणि म्हणाला, "हे पाय गा, तू इंजिनीअर आहेस ना. मी त दर महिन्याले भरतो. एकही हप्ता चुकवला नाही. मग बाकी वाढते काहून?"

मलाही आधी वाटलं, बँकेची काहीतरी गडबड असेल. मग कागद-पेन घेऊन बसलो. गडबड नव्हती. हिशोब पैशापर्यंत बरोबर होता, आणि तेच जास्त वाईट वाटलं. त्याचा हिशोब आज तुमच्यासमोर मांडतो. नाव सांगणार नाही, बँकेचंही नाही, आणि आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

शेकडा साडेतीन

आधी दर समजून घेऊ. त्याच्या कार्डावर व्याजाचा दर लिहिला होता महिन्याला ३.५ टक्के. ऐकायला किती छोटा वाटतो! पण आपल्याकडे गावात व्याज कसं बोलतात? "शेकडा दोन", "शेकडा तीन". म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन किंवा तीन रुपये. गावात कुणी "शेकडा साडेतीन" म्हटलं तर घरचे मोठे लगेच म्हणतील, त्या माणसाच्या दारात जाऊ नको. कार्डाचा दर तोच आहे, शेकडा साडेतीन. वर्षाचा ४२ टक्के. आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे शंभरावर महिन्याला ४ रुपये १३ पैसे.

यावर सरकारी मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयानं तो निकाल रद्द केला. त्यामुळे ती तीस टक्क्यांची रेघ आता नाही. आपल्या हातात उरतं ते हिशोब समजून घेणं.

व्याज महिन्याचं नाही, दिवसाचं

आता मित्राची गोष्ट. रोवणीच्या आधी मोटार बिघडली. २० जूनला तुमसरला जाऊन त्यानं नवीन मोटार आणि पाइप घेतले, ४०,००० रुपये, कार्ड स्वाइप. कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं. १५ जुलैचं बिल आलं: एकूण ४०,०००, मिनिमम ५ टक्के म्हणजे २,०००, शेवटची तारीख ४ ऑगस्ट. हातात पैसा नव्हता. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी येतो? धान विकून चुकारे जमा झाले की. त्यानं विचार केला, तोपर्यंत मिनिमम भरत राहू. मधे २५ जुलैला त्याच कार्डावर घरचा ६,००० रुपयांचा किराणा आणि औषधं घेतली. ४ ऑगस्टला बरोबर २,००० भरले.

१५ ऑगस्टच्या बिलात व्याज आलं २,७४८ रुपये. त्यावर जीएसटी ४९५. एकूण ३,२४३. म्हणजे भरले दोन हजार आणि चढले सव्वातीन हजार.

हे कुठून आलं ते बघा. बँक रोज रात्री तुमची बाकी मोजते असं समजा. आज बाकी ४०,०००, उद्या ४०,०००, पैसे भरले त्या दिवसापासून ३८,०००. या सगळ्या दिवसांच्या बाकीची बेरीज करायची आणि दिवसांच्या संख्येनं भागायचं. जी सरासरी येते तिला म्हणतात अॅव्हरेज डेली बॅलन्स, रोजच्या बाकीची सरासरी. त्या सरासरीवर त्या दिवसांचं व्याज.

१६ जुलै ते १५ ऑगस्ट हे ३१ दिवस घेऊ. मोटारीची बाकी १९ दिवस ४०,००० होती आणि पैसे भरल्यानंतर १२ दिवस ३८,०००. किराण्याचे ६,००० रुपये २२ दिवस अंगावर होते. तिन्हींचे गुणाकार करून बेरीज केली की १३ लाख ४८ हजार येते. ३१ नं भागा: सरासरी ४३,४८४. आता लक्ष द्या, महिन्यात त्याची बाकी नेमकी ४३,४८४ कधीच नव्हती. पण व्याज त्या आकड्यावर लागतं. ४३,४८४ गुणिले ४२ टक्के, भागिले ३६५, गुणिले ३१ दिवस. उत्तर १,५५१ रुपये.

मग २,७४८ कसे? इथे दोन गोष्टी आहेत आणि बहुतेकांना दोन्ही माहीत नसतात.

पहिली: पूर्ण बिल भरलं नाही की "पन्नास दिवस बिनव्याजी" ही सवलत मागे जाऊन रद्द होते. व्याज ४ ऑगस्टपासून लागत नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. २० जून ते १५ जुलै हे २६ दिवस, ज्यांचं व्याज पहिल्या बिलात शून्य दिसलं होतं, ते आता मागून वसूल होतात. ४०,००० वर २६ दिवसांचे १,१९७ रुपये. १,५५१ अधिक १,१९७, झाले २,७४८.

दुसरी: जुनी बाकी असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराण्याच्या सहा हजारांवर २५ जुलैपासूनच मीटर सुरू झालं. मित्राला हे सर्वात जास्त लागलं. तो म्हणाला, "मंग तेलाच्या पिप्यावर बी मी शेकडा साडेतीन भरलो म्हण ना!" हो, भरले.

३०७ महिने

आता दुसरा प्रश्न. समजा त्यानं कार्ड कपाटात ठेवून दिलं, एक रुपयाचीही नवीन खरेदी नाही, आणि बाकी आहे ४०,०००. दर महिन्याला न चुकता फक्त मिनिमम भरत गेला, तर किती महिन्यांत मोकळा होईल?

ऐकणाऱ्यांनी इथे एक सेकंद थांबून मनात अंदाज करा. मी मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "पाच टक्के म्हणजे वीस महिने. व्याज धरून तीस." शंभरात पाच वीसदा जातात, म्हणून वीस. अगदी साहजिक उत्तर आहे, मीही आधी असाच विचार केला असता.

पण शंभर रुपयांच्या बाकीवर महिन्याला काय होतं बघा. ४ रुपये १३ पैसे व्याज आणि जीएसटी म्हणून चढतात. ५ रुपये तुम्ही भरता. बाकी कमी होते फक्त ८७ पैशांनी. पाच रुपयांतले चार रुपये तेरा पैसे तर बाकीला हातही लावत नाहीत.

आणि पुढच्या महिन्यात बाकी किंचित कमी, म्हणून मिनिममही किंचित कमी. तुम्ही भरता ती रक्कमच दर महिन्याला लहान होत जाते. मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. व्याजाचा दर जास्त आहेच, पण खरा घोळ हा की हप्ता बाकीच्या मागे मागे खाली सरकतो. बाकी आटते तशी फेडण्याची गतीही आटते.

मी रात्री फोनवरच हा छोटा पायथॉन कोड चालवला. मिनिमम ५ टक्के, पण २०० रुपयांपेक्षा कमी नाही, असं धरलं आहे.

```python
baki, bharle, mahine = 40000.0, 0.0, 0
while baki > 0:
    vyaj = baki * 0.035 * 1.18      # व्याज + जीएसटी
    hapta = max(0.05 * baki, 200)
    hapta = min(hapta, baki + vyaj)
    baki = baki + vyaj - hapta
    bharle += hapta
    mahine += 1
print(mahine, round(bharle))
```

उत्तर: ३०७ महिने. पंचवीस वर्षं आणि सात महिने. एकूण भरलेली रक्कम सुमारे २ लाख १५ हजार. मोटार चाळीस हजारांची.

पहिल्या वर्षाचं चित्र तर रोजच्या जगण्यातलं आहे. बारा महिन्यांत जवळपास २२,९०० रुपये भरून होतात आणि बाकी ४०,००० वरून ३६,००० च्या आसपास येते. वर्षभर नियमित भरणाऱ्या माणसाला वाटतं आपण अर्धं फेडलं. स्टेटमेंट सांगतं, चार हजार.

खरं सांगायचं तर हा सोपा हिशोब आहे. प्रत्यक्षात पैसे महिन्याच्या मधे भरले जातात, महिना कधी ३० तर कधी ३१ दिवसांचा असतो, त्यामुळे महिने थोडे कमी होतील. प्रत्येक कार्डाचा मिनिममचा नियमही सारखा नसतो. काही कार्डांवर मिनिमम म्हणजे पूर्ण व्याज, पूर्ण जीएसटी, आणि वर मुद्दलाचे २ टक्के असं असतं. तिथे बाकी महिन्याला २ टक्क्यांनी उतरते, निम्मी व्हायला जवळपास तीन वर्षं लागतात. आपल्या पाच टक्केवाल्या उदाहरणात निम्मी व्हायला साडेसहा वर्षांच्या वर लागतात. तुमच्या कार्डाचा नियम अटींच्या कागदात, एमआयटीसी नावाच्या पत्रकात, लिहिलेला असतो.

रिझर्व्ह बँकेला हे माहीत आहे. २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. मिनिमम इतकं कमी ठेवायचं नाही की ते भरूनही बाकी वाढत जाईल. आणि फक्त मिनिमम भरलं तर फेड महिनोनमहिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा बिलावर छापायचा. मित्राच्या स्टेटमेंटवर तो इशारा होता. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. त्यानं तिसरं पान कधी उघडलंच नव्हतं. मी तरी माझ्या कार्डाचं कुठे उघडलं होतं!

मिनिमम भरण्याचा उपयोग काय मग? लेट फी लागत नाही आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकीची नोंद जात नाही. एवढंच. ते व्याजापासून वाचवत नाही. मित्र "मी हप्ता भरतो" म्हणत होता, पण तो हप्ता नव्हताच. हप्त्याला शेवट असतो.

एकच बदल: रक्कम गोठवा

आता याच कोडमध्ये एक ओळ बदलली. मिनिमम भरायचं नाही, पहिल्या महिन्यात जे २,००० भरले तेच दर महिन्याला भरत राहायचं. पुढे बिलावर मिनिमम १,९८० येवो, १,७०० येवो, आपण दोन हजारच भरायचे. कोडमध्ये `hapta = max(0.05 * baki, 200)` च्या जागी `hapta = 2000`, बाकी सगळं तसंच.

३०७ चे झाले ४४ महिने. एकूण भरणा २ लाख १५ हजारांवरून साधारण ८६ हजारांवर आला.

दर तोच, बँक तीच, पहिल्या महिन्याचा खर्चही तोच. फरक एवढाच की रक्कम खाली सरकू दिली नाही. आणि दोन हजारांऐवजी चार हजार जमले, तर १४ महिने आणि एकूण ५३ हजारांच्या आत. हप्ता दुप्पट केला, तर वेळ निम्म्याहूनही खूप कमी झाला, कारण पहिले सोळाशे-साडेसोळाशे व्याज आणि जीएसटीतच जातात. त्यावरचा प्रत्येक रुपया सरळ बाकी कापतो.

इथे ऑटो-पेची एक सेटिंग तपासा. अॅपमध्ये ऑटो-पे लावताना दोन पर्याय दिसतात, "टोटल ड्यू" आणि "मिनिमम ड्यू". मित्रानं मिनिमम निवडून ठेवलं होतं, विसरायला नको म्हणून. त्यामुळे दर महिन्याला कमी होत जाणारी रक्कम आपोआप कापली जात होती आणि तो निश्चिंत होता. मिनिममचं ऑटो-पे लेट फीच्या बचावासाठी राहू द्या, पण ठरलेली रक्कम हातानं, त्याच्या आधी भरा.

आधी का? कारण व्याज दिवसाचं आहे. समजा १२,००० रुपयांचे चुकारे आज खात्यात आले आणि कार्डाची शेवटची तारीख १५ दिवसांनी आहे. बचत खात्यात ठेवून वाट बघितली तर त्या बारा हजारांवर रोजचे १६ रुपये, पंधरा दिवसांत २४४ रुपये कार्डावर चढतात. बाकी पुढे ढकललेली असेल तर शेवटच्या तारखेची वाट बघण्यात काहीच फायदा नाही. पैसा आला त्याच दिवशी भरा. महिन्यात दोनदा-तीनदा थोडे थोडे भरले तरी चालतं, प्रत्येक भरणा सरासरी खाली आणतो.

तिसरी गोष्ट, बाकी शून्य होईपर्यंत त्या कार्डावर पेट्रोलही नाही. कारण वर सांगितलंय, नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून मीटर. किराणा यूपीआयनं किंवा रोखीनं.

बाकी मोठी असेल तर बँकेला ईएमआयमध्ये बदलून मागता येते. समजा महिन्याला दीड टक्का दर मिळाला, तर ४०,००० चा बारा महिन्यांचा हप्ता साधारण ३,६६७ बसतो. व्याज सगळं मिळून चार हजारांच्या आसपास, वर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. दर आणि फी आधी विचारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, ईएमआयचा पूर्ण हप्ता पुढच्या मिनिममध्ये धरला जातो, त्यामुळे मिनिमम एकदम मोठं दिसेल. ते चुकीचं नाही.

सगळं भरल्यावर येणारं बिल

शेवटचा एक धक्का सांगून थांबतो, कारण बरेच जण इथे अडकतात. मित्रानं पुढे काय केलं? दिवाळीनंतर चुकारे आले, दुकानाचे थोडे घातले आणि १ डिसेंबरला १५ नोव्हेंबरच्या बिलातले सगळे, जवळपास ३५,००० रुपये, एकदम भरून टाकले. फोन करून म्हणाला, "सुटलो." १५ डिसेंबरला परत बिल: ७१३ रुपये. भयंकर चिडला. "आता काय बाकी आहे त्यांची?"

पुन्हा दिवस मोजा. बिल निघालं १५ नोव्हेंबरला, पैसे भरले १ डिसेंबरला. १६ ते ३० नोव्हेंबर, पंधरा दिवस ३५,००० अंगावर होतेच. त्यांचं व्याज ६०४, जीएसटी १०९. ते आधीच्या बिलात येऊच शकत नव्हतं, कारण ते दिवस बिल निघाल्यानंतरचे. हे शेपूट असतं. ते भरा. "मी तर सगळं भरलं" म्हणून दुर्लक्ष केलं तर त्या ७१३ वर लेट फी लागेल आणि तीन दिवसांच्या वर उशीर झाला तर क्रेडिट रिपोर्टमध्येही नोंद जाऊ शकते. पुढचं बिल शून्य व्याजाचं आलं की समजा, खरंच सुटलात.

आणि हिशोब जुळला नाही तर? प्रत्येक भरण्याची तारीख आणि त्या दिवसाची बाकी कागदावर लिहा, बेरीज गुणिले वार्षिक दर भागिले ३६५ करा, आणि बिलातल्या फायनान्स चार्जशी ताडून बघा. पाच-दहा रुपयांचा फरक दिवस धरण्यातला असू शकतो. मोठा फरक दिसला तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार मोफत करता येते.

मित्राचा जानेवारीचा स्क्रीनशॉट आला माझ्याकडे. एकूण बाकी शून्य, फायनान्स चार्ज शून्य. खाली त्यानं लिहिलं होतं: "तिसरं पान बी वाचलो."

तुमच्या स्टेटमेंटचं तिसरं पान उघडून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.